उषाबाईंचा बूट

१

आंबागडावर रविवारी संध्याकाळी एक बाई सापडली. ती हरवली आहे हे मात्र तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

सापडली ती धनराजला. शेळ्या खाली उतरवताना त्याला तटाच्या आडोशातून कण्हण्याचा आवाज आला. आधी त्याला वाटलं, शेळीच अडकली. जाऊन पाहतो तर पाण्याच्या टाक्याशेजारी साठीची एक बाई बसलेली. डावं मनगट सुजलेलं, पाय मुरगळलेला, मांडीवर घरचा डबा आणि फोनला रेंजची एक काडी नाही.

"कोनासंग आल्या होत्या जी?"

"भंडाऱ्याचे लोक होते. सोळा जन."

"मंग कुठी गेले?"

"घरी गेले असतील," बाई म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. एसटी चुकल्यावर माणूस सांगतं तसं सांगितलं तिनं.

धनराजनं तिला पाठीवर घेऊन उजेड असेतो खाली आणलं आणि तुमसरच्या दवाखान्यात पोचवलं. सोमवारी सकाळी त्यानं बाईच्या फोनवरून 'भटके भंडारेकर' या गटात आपल्या आवाजातला संदेश टाकला. सव्वा मिनिटाचा होता. त्यातल्या पहिल्या मिनिटाचं लेखन करता येणार नाही. शेवटची पंधरा सेकंदं अशी होती: "मानसं नेता का गोटे नेता बे डोंगरावर? मोजता येत नसन तं काहून नेता?"

गटात बेचाळीस माणसं. सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांच्या निळ्या खुणा झाल्या, आणि दोन तास कोणीही काही बोललं नाही.

२

वरठीला रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूला यादोराव राहत. एकतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक होते. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा. मधल्या काळात कागदाचं काय झालं याच्याशी संबंध ठेवायचा नाही. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्याला. तो रविवारी फोन करी, आणि नेमका रविवारी त्याला फार काम असे.

यादोरावांचा फोन दिवसातून वाजायचा तो या गटामुळे. इतरांनी गटाचा आवाज बंद ठेवला होता. यादोरावांनी तो पूर्ण मोठा केला होता. कोणी "शुभ सकाळ" टाकलं तरी स्वयंपाकघरातून हात पुसत येत. गुडघ्यामुळे गड चढणं जमत नसे. ते पायथ्याला सगळ्यांच्या पिशव्या राखत; आंबागडाच्या रविवारी मात्र गुडघा सुजल्यानं घरीच होते. आणि गटातलं एक काम त्यांचं स्वतःचं होतं, नव्या सदस्याचं स्वागत.

हे काम सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते करून पाहिलेलं नाही. गटात नवा माणूस दुव्यावरून येतो, गटाचा ॲडमिन भूपेश त्याला मंजुरी देतो, आणि 'अमुक सामील झाले' अशी फिकट ओळ उमटते. त्या आधीचं बोलणं या गटात नव्याला दिसत नाही. कोऱ्या भिंतीसमोर उभा राहतो बिचारा. म्हणून स्वागत दर वेळी नव्यानं टाकावं लागतं. यादोरावांनी मजकूर स्वतःलाच पाठवून ठेवला होता. तो तसाच ते पुढे ढकलत नसत, कारण मग डोक्यावर 'फॉरवर्डेड' असा शिक्का पडतो आणि पाहुण्याला शिळं वाढल्यासारखं दिसतं. ते नक्कल करून चिकटवत. मग पहिल्या ओळीतलं जुन्याचं नाव पुसायचं, @ टाकायचं आणि यादीतून नव्याचं नाव निवडायचं. नुसतं हातानं नाव लिहिलं तर ते निळं होत नाही. निवडलं की निळं होतं, आणि गटाचा आवाज बंद ठेवलेल्या माणसालाही कळतं की आपल्याला कोणी हाक मारली.

गेल्या बुधवारी त्यांनी टाकलेला संदेश असा होता:

🎉🎊 *सुस्वागतम्* 🎊🎉
@उषाबाई 🌸
'भटके भंडारेकर' परिवारात आपलं मनापासून स्वागत! ⛰️🌿
👋 नाव, गाव आणि काय करता ते एका ओळीत सांगा. लाजू नका, सगळे तुमच्यासारखेच आहेत 😄
🥾 या रविवारी येणार असाल तर याच संदेशावर बोट दाबून धरा, + वर जा आणि *बूट* लावा. शनिवारी सायंकाळी सातला बूट पाहून यादी होते. बूट नाही तर यादीत नाव नाही!
💧 पाणी दोन लिटर 🧢 टोपी 🍱 डबा घरचा
🚯 गडावर कचरा नाही
🐒 माकडांना खाऊ घालू नका, ती आपल्यापेक्षा सुखी आहेत
🌼 संदेश आवडला असेल तर 🙏 लावायला विसरू नका
~ यादोराव

बुटाची युक्ती भूपेशची. जुन्या सदस्यांसाठी दर मंगळवारी मतदान टाकलं जाई. बुधवारी आलेल्याला मंगळवारचं मतदान दिसणार कुठून? म्हणून नव्यांसाठी बूट.

सोमवारी दुपारी भूपेशचा फोन आला. तो भंडाऱ्यात शिकवणी वर्ग चालवे, आणि फोनवरही फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोले.

"काकाजी, त्या बाई म्हणतात, बूट लावला होता. यादी करणारी रंजू म्हणते, बूट नव्हता. दोघीपैकी एक खोटं बोलून राहिली. तुम्ही आवक-जावकवाले, तुम्ही शोधा. गुरुवारपर्यंत नाही सापडलं तर मी रंजूले काढतो. ज्याची चूक त्याले गटात जागा नाही. मी तसं लिहूनच टाकतो."

आणि त्यानं तसं लिहूनच टाकलं. ठळक अक्षरांत.

३

रंजू भंडाऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात होती. मंगळवारी यादोराव गेले तेव्हा ती कोणाच्या तरी सातबाऱ्याच्या दहा प्रती काढत होती आणि डोळे पुसत होती.

"काकाजी, तुमीबी मलेच विचाराले आले ना?"

"विचाराले आलो. तुलेच असं नाही. यादी कशी करतेस ते सांग."

"मतदानातले नावं लिवतो. मंग त्या आठवड्यातले तुमचे स्वागताचे मेसेज उघडतो. खाली जे चिन्हं लागतात ना, त्याईवर बोट ठेवलं का पट्टी उघडते. बुटाचा वेगळा रकाना असते. त्यात नावं असते. शनिवारी बुटाचा रकानाच नव्हता जी. आईची आन."

"मग परतताना काय केलं?"

"भूपेशसरनं यादी वाचली. सोळा नावं, सोळा 'हजर'. निघालो."

"आणि सतरावी बाई सकाळपासून सोबत होती, ती?"

रंजूनं मशीनकडं पाहिलं. मशीननं एक कोरा कागद बाहेर टाकला.

"ते तुमसरहून थेट गडाखाली आल्या होत्या. मले वाटलं, गावातल्याच कोनी असतील, देवाले आल्या असतील. सगळ्याईले तसंच वाटलं असन." तिनं प्रती एकावर एक ठेवल्या. "काकाजी, मले काढलं तं बाबा घराभायेर निघू देनार नाही. गट आहे म्हनून रविवारचं जाऊ देते."

यादोरावांनी बाहेर येऊन चहाच्या टपरीवर फोन काढला आणि संदेशाखालची पट्टी उघडली. 👍 दोन, भूपेश आणि गटातली रिंकू. 🙏 एक, उषाबाई. बूट नाही.

रंजू खरं बोलत होती.

पण त्यांनी चहा न पिताच कप खाली ठेवला तो वेगळ्या कारणानं. कोणी संदेशावर चिन्ह लावलं की त्याची सूचना सगळ्या गटाला जात नाही. ज्यानं संदेश लिहिला त्यालाच जाते. आणि बुधवारी संध्याकाळी वरण फोडणीला टाकताना यादोरावांच्या फोनवर सूचना आली होती: उषाबाईंनी तुमच्या संदेशाला 🥾 दिला.

बेचाळीस माणसांत त्या बुटाची सूचना फक्त त्यांना आली होती.

म्हणजे उषाबाईही खरं बोलत होत्या.

४

दोन्ही साक्षीदार खरे निघाले की खोटं कोण हा प्रश्न राहत नाही. मग वस्तूचाच संशय घ्यावा लागतो. यादोरावांनी घरी येऊन जुन्या सवयीनं कागदावर रकाने आखले.

बूट काढू कोण शकतं?

भूपेश? ॲडमिन दुसऱ्याचा आख्खा संदेश हटवू शकतो, पण मग त्या जागी 'ॲडमिनने हटवला' अशी ओळ राहते. इथं संदेश जागेवर होता. आणि दुसऱ्यानं लावलेल्या चिन्हाला ॲडमिनही हात लावू शकत नाही. भूपेश सुटला.

यादोराव स्वतः? संदेश पुसून पुन्हा टाकला असता तर जुनी चिन्हं गेली असती. पण पुसल्याची खूण राहिली असती, आणि वेळ बुधवारची दिसली नसती. पंधरा मिनिटांच्या आत मजकूर बदलता येतो, पण मग 'एडिटेड' लिहून येतं. तेही नव्हतं, आणि बदललं तरी चिन्हं जात नाहीत. यादोराव सुटले. आपणच आपल्याला सोडताना त्यांना किंचित संकोच वाटला, पण नियम तो नियम.

रंजूला तर पट्टी फक्त पाहता येते.

उरलं एकच माणूस. लावलेलं चिन्ह काढू शकतो तो लावणाराच. म्हणजे उषाबाईंनी स्वतः बूट लावला, स्वतः काढला, आणि तरी पाच वाजता उठून आपल्या गावाहून, बपेऱ्याहून, तुमसर आणि तुमसरहून आंबागड गाठलं.

असं कोण करील? यादोरावांनी रकान्याखाली लिहिलं: 'फोन दुसऱ्या कोणाच्या हातात?' आणि बुधवारी सकाळची तुमसरची गाडी पकडली.

५

दवाखान्यात उषाबाई खिडकीशेजारच्या खाटेवर होत्या. मनगटाला प्लास्टर. बाकीच्या खाटांभोवती चार-चार नातेवाईक, डबे, पिशव्या, भांडणं. उषाबाईंच्या खाटेशेजारचं स्टूल मात्र इतकं रिकामं होतं की बाजूच्यांनी त्यावर आपला थर्मास ठेवला होता. यादोरावांनी थर्मास उचलून त्यांना परत दिला आणि बसले.

"मी यादोराव. स्वागतवाला. गुडघा दुखतो म्हणून त्या दिवशी नव्हतो."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "तुमी होय का! माकडाईचं तुमीच लिवलं ना? म्या लय हासली जी."

यादोरावांना तपास क्षणभर विसरायला झालं. त्या ओळीवर आजपर्यंत कोणी हसलं नव्हतं.

"कसं झालं, बाई?"

"टाक्यापाशी पाय घसरला. हाका मारल्या. ते लोक फोटो काढून राहिले होते तिकडं. मंग आवाज बंद झाले. मले वाटलं, येतीन. कोनी मोजन तवा ध्यानात येईन."

"दिवसभर कोणी बोललं नाही तुमच्याशी?"

"एका पोरानं म्हटलं, मावशी, जरा बाजूले व्हा, फोटोत येऊन राहिल्या." त्या हसल्या. "मी अंगनवाडीत होती तीस वर्षं. लेकरं मोजल्याबिगर दार लावत नव्हती."

यादोराव तपासाकडं वळले. "बाई, तुमच्या फोनला दुसरं कोणी हात लावतं का? नातवंड, शेजारीण?"

"फोनले हात लावाले घरी कोन आहे जी?"

प्रश्न साधा होता, पण यादोरावांना तो ओळखीचा वाटला. त्यांनी विषय बदलला. "बूट लावला तो बुधवारीच ना?"

"बुधवारीच. लय शोधला. ते सहा चिन्हं समोर येते ना, त्याईत बूट नसते. तुमी लिवलं तसं अधिकच्या चिन्हावर गेली, जोडे निघाले, चपला निघाल्या, शेवटी बूट सापडला."

"मग काढला कधी?"

"काढला नाहीच! काहून काढन? मले तं जायचं होतं."

"त्यानंतर त्या संदेशाला पुन्हा हात लावला?"

उषाबाई जराशा लाजल्या. प्लास्टरकडं बघत बोलल्या. "शुक्रवारी लावला. परत वाचाले काढला होता. इतका मोठा मेसेज मले कोनी लिवला नव्हता, भाऊ. नाव निळं करून. मंग खाली पाह्यलं, तुमी लिवलं, आवडला असन तं हात जोडा. मले वाटलं, आपन किती खराब मानूस! यवढं लिवनाऱ्याले साधा नमस्कार नाही केला. मंग हात जोडले. ते तं समोरच्या सहातच असते."

 यादोरावांनी खिशातून फोन काढला, उषाबाईंच्या क्रमांकावर 'चाचणी' असा एक शब्द पाठवला आणि म्हणाले, "याला बूट लावा."

उजव्या हाताच्या अंगठ्यानं त्यांनी बूट शोधून लावला. शब्दाखाली बूट आला.

"आता नमस्कार करा."

हात जोडले गेले. बूट गेला. न आवाज, न खूण, न 'हटवला' अशी ओळ. जणू कधी नव्हताच.

"अगाई!" उषाबाई म्हणाल्या. "एकावर एक राह्यत नाही?"

"एका माणसाचं एका संदेशाला एकच. दुसरं लावलं की पहिलं जातं."

"म्हंजे म्याच माझं नाव पुसलं."

"नाही," यादोराव म्हणाले. "तुमच्याकडून कोणीतरी पुसून घेतलं."

६

परतीच्या गाडीत बसायला जागा होती, तरी ते दारापाशी उभे राहिले.

ती शेवटची ओळ गटाची नव्हती. भूपेशनं सांगितली नव्हती. ती यादोरावांनी दिवाळीनंतर स्वतःच्या मनानं घातली होती. तीन वर्षं स्वागतं लिहिली. लोक आले, लोक गेले, पण लिहिणाऱ्याला कोणी "छान" म्हटलं नाही. मागितल्याशिवाय मिळत नाही हे सरकारी नोकरीत शिकले होते, म्हणून मागितलं. आणि दिवाळीपासून आलेल्या पाच नव्या माणसांपैकी ते दिलं एकट्या उषाबाईंनी.

शुक्रवारी संध्याकाळी ती सूचना त्यांनीच वाचली होती. उषाबाईंनी तुमच्या संदेशाला 🙏 दिला. त्या संध्याकाळी त्यांनी चहा दोनदा केला होता. पट्टी उघडून बघायला काय झालं होतं? बूट आहे की नाही, एक बोट टेकवायचं काम. पण नमस्कार आल्यावर बूट कोण बघतो!

गुन्ह्याचं हत्यार त्यांनी पुरवलं होतं, साक्षीदार ते होते, आणि तपासही त्यांच्याकडंच होता. इतकी सोय सहसा गुन्हेगाराला मिळत नाही. हे उषाबाईंना उमगलेलं नव्हतं आणि गटात दुसऱ्या कोणाला कळणं शक्य नव्हतं. 'तांत्रिक अडचण' असं दोन शब्दांत लिहिलं असतं तरी रंजू सुटली असती आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले असते. एकतीस वर्षांत त्यांनी 'तांत्रिक अडचण' म्हणून किती कागद जावक केले होते, त्याची गणती नव्हती. आणि खरं लिहिलं तर भूपेशचा नियम होता: ज्याची चूक त्याला गटात जागा नाही. मग फोन रविवारी एकदा वाजला असता, तोही मुलाला काम नसलं तर.

गाडी वरठीला लागली तरी ते ठरवू शकले नाहीत.

७

गुरुवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी लिहिलं. पहिल्यांदाच एकही चिन्ह न टाकता.

'तपासाचा निकाल. उषाबाईंनी बुधवारी बूट लावला होता. मला सूचना आली होती. शुक्रवारी त्यांनी हात जोडले, म्हणून बूट गेला. एका संदेशावर एका माणसाचं एकच चिन्ह राहतं. हात जोडा असं मी लिहिलं होतं. कोणी मला छान म्हणावं म्हणून लिहिलं होतं. रंजूनं यादी बरोबर केली. चूक माझी. तरी एक नोंद राहू द्यावी. यादीत नाव नव्हतं हे माझ्यामुळं. पण सोळा माणसांबरोबर एक बाई सात तास चालली आणि तिचं नाव कोणी विचारलं नाही, हे कोणत्या चिन्हामुळं झालं, ते मला शोधता आलं नाही.'

दाबलं. मग संदेशावर बोट धरून कोणी कोणी वाचलं ते बघत बसले. दहा. एकवीस. चौतीस. चिन्ह एकही लागलं नाही.

सव्वा दहाला रंजूनं गटात लिहिलं, "काकाजी." एवढंच. 

साडेदहाला भूपेशनं लिहिलं, "नियम सर्वांना सारखा." आणि लगेच खाली फिकट ओळ आली: भूपेश यांनी तुम्हाला काढलं. जिथं मजकूर लिहायची जागा असते तिथं आता लिहून आलं होतं की आपण या गटाचे सदस्य नाही, म्हणून संदेश पाठवू शकत नाही. जुनं सगळं मात्र दिसत होतं. तीन वर्षांची स्वागतं, फुगे, फुलं, डोंगर, माकडं. वर सरकवलं की नवे नवे लोक येतच होते.

शिस्त पाळल्याचं समाधान भूपेशला मिळालं असणार. चुकलेल्या माणसाला काढता येतं, आणि खरं बोललेल्यालाही. इथं एकच माणूस काढून दोन्ही कामं झाली.

शुक्रवारी फोन वाजला नाही. शनिवारीही नाही. यादोरावांनी आवाज तपासून पाहिला. पूर्ण मोठाच होता.

८

शनिवारी संध्याकाळी सातला वाजला.

"भाऊ, उषाबाई बोलतो. गटातलं वाचाले मनच नाही झालं, पन यादीत तुमी दिसून नाही राहिले."

"काढलं मला."

"काहून?"

यादोरावांनी सांगितलं.  त्यांना वाटलं, आता बाई फोन ठेवील. ठेवलाच पाहिजे. आंबागडावर रात्र काढायची वेळ आली असती ती त्यांच्या एका ओळीमुळं.

"मले राग आला पायजे," उषाबाई विचार करून म्हणाल्या. "येऊन नाही राहिला. उद्या येईन, सांगता येत नाही. मी गुरुवारीच घरी आली. आता म्याबी तो गट सोडतो. कसा सोडाचा असते?"

"गटाच्या नावावर बोट ठेवा, अगदी खाली जा. 'बाहेर पडा' असं असतं."

"थांबा." बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "झालं. आवाजबी नाही आला. उद्या काय करून राहिले तुमी?"

"काही नाही."

"मंग बपेऱ्याले या. डोंगर नाही आपल्याइकडं, तलावाची पार आहे. सपाट. तुमच्या गुडघ्याले चालन, माझ्या पायाले बी. डबा आनू नका, मले एका हातानं जेवढं होईन तेवढं करतो."

रविवारी यादोराव दोन लिटर पाणी आणि टोपी घेऊन बपेऱ्याला उतरले. तलावाची पार, म्हणजे बांध, सपाट होती, पाण्यावर ढिवरांच्या मासेमारीच्या दोन डोंग्या होत्या, वारा गार होता. उषाबाई गळ्यात हात अडकवून उभ्या होत्या. यादोराव चालायला लागले तशा त्या जागेवरच थांबल्या.

"असं नाही जी. निंगाच्या आंधी मोजा."

"दोनच तर आहोत."

"तरीबी मोजा. तोंडानं."

यादोरावांनी बोट करून आधी बाईंना मोजलं, मग स्वतःला. मग परत येताना चूक नको म्हणून पुन्हा एकदा मोजलं.

दोन्ही वेळा आकडा तोच आला.